पाइपलाइनमधला ओव्हरफ्लो एक्सेप्शन: प्रकल्प नोंदी

३ ऑगस्ट, फोंडा

फेच, डिकोड, एक्झिक्यूट, मेमरी आणि राइटबॅक अशा पाच स्टेजचा मिप्स प्रोसेसर व्हेरिलॉगमध्ये बऱ्यापैकी उभा राहिलाय. फॉरवर्डिंग आहे, लोडनंतर लगेच वापर आला तर एक सायकल स्टॉल होतो, ब्रँचचा निर्णय डिकोडमध्येच लागतो, आणि डिले स्लॉट, म्हणजे ब्रँचच्या लगेच मागची इन्स्ट्रक्शन उडी झाली तरी चालवायची ही पद्धत, आम्ही मुद्दाम ठेवलेला नाही. आता सरांनी सांगितलंय की चवथीच्या सुट्टीआधी ओव्हरफ्लो एक्सेप्शन घालून दाखवा, म्हणजे `add` चं उत्तर ३२ बिटांत बसलं नाही तर प्रोग्राम तिथेच थांबून हँडलरकडे, म्हणजे अशा वेळी चालायच्या वेगळ्या कोडकडे, गेला पाहिजे.

ऐकायला सोपं वाटतं कारण एका सायकलमध्ये एकच इन्स्ट्रक्शन चालवणाऱ्या प्रोसेसरमध्ये ते खरंच सोपं असतं, पीसीमध्ये, म्हणजे कुठली इन्स्ट्रक्शन फेच करायची तो पत्ता ठेवणाऱ्या रजिस्टरमध्ये, हँडलरचा पत्ता टाकला की झालं. इथे मात्र ओव्हरफ्लो कळतो त्या क्षणी पाच इन्स्ट्रक्शन एकदम आत असतात, त्यातल्या दोन `add` च्या आधीच्या आणि दोन नंतरच्या. आधीच्या दोन पूर्ण झाल्याच पाहिजेत, `add` आणि नंतरच्या दोघी जणू कधी आल्याच नाहीत असं व्हायला पाहिजे. पार्टनर डिचोलीचा, पण आजोळ दिवाडीला, तो म्हणाला, "अरे फेरीबोटीसारखंच की, चढले ते पलीकडे जाणार, रॅम्पवरचे मागे." मला पटलं. सगळा प्रकल्प शेवटी एवढ्याच प्रश्नावर येतो की कोण आधी आलंय.

टेस्टसाठी हा तुकडा ठरवलाय. `$8` मध्ये आधीच `0x7FFFFFFF` आहे, म्हणजे २१४७४८३६४७, साइन्ड ३२ बिटांतला सगळ्यात मोठा आकडा, आणि `$9` मध्ये १.

```
0x40  lw   $10, 0($4)
0x44  and  $11, $12, $13
0x48  add  $8, $8, $9
0x4C  beq  $8, $0, done
0x50  sw   $8, 4($4)
```

`add` मुद्दाम असा घेतलाय की उत्तर जिथे जातं तेच रजिस्टर इनपुटही आहे. ओव्हरफ्लो होऊनही चुकून `$8` मध्ये `0x80000000` लिहिलं गेलं तर मूळ आकडा कायमचा गेला, मग हँडलरला काय बेरीज चालली होती ते कुठूनच कळणार नाही. नुसतं "एक्सेप्शन आलं" हे दाखवून भागत नाही, `$8` जसाच्या तसा राहिला पाहिजे ही खरी परीक्षा.

५ ऑगस्ट

आज फक्त ओव्हरफ्लो ओळखण्याचा भाग. एएलयूमध्ये साइन बिटाच्या आत येणारा कॅरी आणि बाहेर जाणारा कॅरी यांचा एक्सॉर घेतला की ओव्हरफ्लो मिळतो. आपल्या उदाहरणात खालचे ३१ बिट सगळे १ आहेत, त्यात १ मिळवला की ३१ नंबरच्या बिटात कॅरी येतो पण त्यातून बाहेर काहीच जात नाही, एक्सॉर १, ओव्हरफ्लो.

पण हा सिग्नल तसाच उचलून एक्सेप्शनला जोडला तर प्रोसेसर भलत्याच ठिकाणी उडी मारतो. एएलयू बेरीज करतो ती फक्त `add` साठी नाही, `lw` आणि `sw` चा पत्तासुद्धा तोच काढतो. बेस `0x7FFFFFFC` आणि ऑफसेट ८ असेल तर पत्ता `0x80000004` येतो, साइन्ड नजरेने बघितलं तर तो ओव्हरफ्लो आहे, पण पत्ता म्हणून पूर्ण बरोबर आहे. `slt` आतून वजाबाकी करतो, तिथे ओव्हरफ्लो झाला तर त्याचा उपयोग लहानमोठं बरोबर ठरवायला होतो, ट्रॅप करायला नाही. आणि `addu`, `addiu`, `subu` तर त्यासाठीच आहेत की ओव्हरफ्लो झाला तरी गप्प पुढे जा. ट्रॅप फक्त `add`, `addi` आणि `sub` करतात.

म्हणून डिकोडरमधून एक वेगळा कंट्रोल बिट काढला, `ov_en`, जो या तिघांसाठीच १ असतो आणि बाकी कंट्रोल सिग्नलबरोबर पुढच्या स्टेजच्या रजिस्टरमध्ये जातो. एक्झिक्यूटमध्ये तो आणि एएलयूचा ओव्हरफ्लो यांचा अँड:

```verilog
wire ov_exc = idex_ov_en & alu_ov;
```

यातून अजून एक गोष्ट आपोआप साधली. स्टॉलमुळे मध्ये बबल आला की सगळे कंट्रोल बिट शून्य होतात, तसा `ov_en` पण शून्य होतो, त्यामुळे रिकाम्या स्लॉटमध्ये एएलयूच्या इनपुटवर काहीही कचरा पडलेला असला तरी खोटं एक्सेप्शन येत नाही.

८ ऑगस्ट

फ्लश. सकाळपासून पाऊस, लाइट दोनदा गेली, तरी कागदावर काम छान झालं. वहीत सायकल मांडून बघितल्या. `lw` पहिल्या सायकलला फेच होतो, म्हणजे पाचव्या सायकलमध्ये `lw` राइटबॅकमध्ये, `and` मेमरीत, `add` एक्झिक्यूटमध्ये, `beq` डिकोडमध्ये आणि `sw` फेचमध्ये. `ov_exc` वर जातो तो याच सायकलमध्ये, आणि ती संपताना जो क्लॉक एज येतो त्यावर सगळं एकदम व्हायला पाहिजे.

फेचमधला `sw` मारायला डिकोडच्या आधीच्या रजिस्टरमध्ये इन्स्ट्रक्शनच्या जागी ३२ शून्यं टाकायची. मिप्समध्ये सगळी शून्यं म्हणजे `sll $0, $0, 0`, त्याने कशालाच काही होत नाही. डिकोडमधला `beq` मारायला त्याचे कंट्रोल बिट पुढे जाताना शून्य करायचे, यासाठी स्टॉलचा मक्स आधीच आहे, त्यात `ov_exc` ऑर केला. `add` स्वतः एक्झिक्यूटमधून मेमरी स्टेजकडे निघालाय, त्याचेही कंट्रोल बिट शून्य, मुख्य म्हणजे रजिस्टर लिहायचा बिट. बेरजेचं चुकीचं उत्तर डेटापाथमध्ये पुढे जातंच, त्याला अडवायची गरज नाही, लिहायची परवानगी काढून घेतली की बास. फॉरवर्डिंग युनिटही तोच बिट बघून ठरवतं, त्यामुळे ते चुकीचं उत्तर दुसऱ्या कुणाला मिळतही नाही.

`lw` आणि `and` ना हात लावायचा नाही. सहाव्या सायकलमध्ये `and` राइटबॅक करून बाहेर पडतो.

पार्टनरने विचारलं की एवढी घाई कशाला, एक्झिक्यूटमध्येच का पकडायचं, एक्सेप्शनचा बिट `add` बरोबर पुढे पाठवून निवांत राइटबॅकमध्ये निर्णय घेतला तर? प्रश्न चांगला आहे म्हणून नीट लिहून ठेवतो. एक स्टेज उशीर, म्हणजे मेमरी स्टेजमध्ये निर्णय, हे चालतं, तेव्हा लगेच मागची इन्स्ट्रक्शन एक्झिक्यूटमध्ये असते, तिने अजून कायमचं काही केलेलं नसतं, फक्त फ्लश करायला एक जास्त होते. उलट फायदाच आहे, कारण आत्ता अ‍ॅडरचा शेवटचा कॅरी आला की मग ओव्हरफ्लो, मग पीसीचा मक्स, असा लांबलचक रस्ता एकाच सायकलमध्ये बसवावा लागतो आणि क्लॉक त्यानेच अडतो. पण राइटबॅकपर्यंत थांबलं तर `add` च्या लगेच मागे `sw` असला की तो तेव्हा मेमरीत असणार, आणि त्याच क्लॉक एजला मेमरीत लिहून मोकळा होणार. रजिस्टरचं लिहिणं शेवटी असतं म्हणून तो बिट पुसून भागतं, मेमरीत एकदा लिहिलेलं परत घेता येत नाही. राइटबॅकमध्ये पकडायचंच असेल तर `sw` ला वेगळं थोपवणारं लॉजिक घालावं लागेल. आम्ही सध्या एक्झिक्यूटमध्येच ठेवतोय.

११ ऑगस्ट

आज ईपीसी, म्हणजे कुठल्या इन्स्ट्रक्शनवर गडबड झाली तो पत्ता साठवायचं रजिस्टर. `add` एक्झिक्यूटमध्ये असताना पीसीमध्ये `sw` चा पत्ता असतो, `0x50`. पाहिजे `0x48`. मग सरळ पीसीतून ८ वजा करावेत का?

गंमत म्हणजे आमच्या आत्ताच्या डिझाइनमध्ये हे दर वेळी बरोबर येतं. `add` काही उडी मारत नाही, त्यामुळे तो एक्झिक्यूटमध्ये पोचेपर्यंत त्याच्या मागे सलग पुढचे दोन पत्तेच फेच झालेले असतात, मध्ये स्टॉल आला तरी दोघं एकत्रच थांबतात. तरी हा रस्ता आम्ही घेतला नाही. समजा खऱ्या मिप्ससारखा डिले स्लॉट असता आणि `add` त्या स्लॉटमध्ये असता, तर तो एक्झिक्यूटमध्ये येईपर्यंत पीसी ब्रँचच्या टार्गेटच्या पुढे गेलेला असता आणि ८ वजा करून भलताच पत्ता मिळाला असता. (खऱ्या मिप्समध्ये अशा वेळी ईपीसीत `add` चा नाही तर त्याच्या आधीच्या ब्रँचचा पत्ता ठेवतात, आणि कॉज रजिस्टरचा ३१ नंबरचा बिट १ करून हँडलरला तसं सांगतात.) आणि डिले स्लॉट नसला तरी मेमरी स्टेजमधल्या एक्सेप्शनला १२ वजा करणं आजच फसतं: `lw` च्या मागे `j` असेल तर `lw` मेमरीत जाईपर्यंत पीसी उडीच्या ठिकाणी पोचलेला असतो.

म्हणून प्रत्येक इन्स्ट्रक्शनने आपला पत्ता स्वतःबरोबर घेऊन फिरायचं. ब्रँचसाठी पीसी अधिक ४ डिकोडपर्यंत आधीच येत होता, तो एक रजिस्टर पुढे नेला आणि ईपीसीत लिहिताना ४ वजा केले. ३२ फ्लिपफ्लॉप वाढले. तेवढे वाढू देत.

त्याच क्लॉक एजला कॉज रजिस्टरमध्ये कारणाचा कोड जातो. मिप्समध्ये ओव्हरफ्लोचा कोड १२, आणि तो बिट २ पासून ६ पर्यंत बसतो, त्यामुळे पूर्ण रजिस्टर बघितलं तर `0x30` दिसतं. वेव्हफॉर्ममध्ये १२ शोधत बसलं तर सापडणार नाही.

हँडलरचा पत्ता `0x80000180`. आमची इन्स्ट्रक्शन मेमरी जेमतेम १०२४ शब्दांची, ती पत्त्याचे खालचे बिटच बघते, म्हणून हँडलर प्रत्यक्षात ९६ व्या शब्दापासून ठेवलाय. याचा अर्थ मुख्य प्रोग्राम ९६ शब्दांच्या आत राहिला पाहिजे, नाहीतर तो हँडलरवरच चढेल.

१४ ऑगस्ट

हा दिवस नीट लिहून ठेवण्यासारखा आहे.

आधी `beq` च्या जागी साधा `or` ठेवून टेस्ट चालवली होती, ती पहिल्याच झटक्यात पास. मग ३ तारखेला ठरवलेला मूळ तुकडा चालवला. ईपीसीत `0x48` बरोबर, कॉजमध्ये `0x30` बरोबर, `$8` मध्ये `0x7FFFFFFF` जसाच्या तसा, आणि हँडलर चाललाच नाही. प्रोग्राम पुढे गेला आणि `sw` ने मेमरीत `0x7FFFFFFF` लिहून टाकलं. जणू `add` च्या जागी नॉप होता.

नुसते शेवटचे रजिस्टर तपासले असते तर हे सुटलं असतं, कारण एक्सेप्शनची सगळी कागदपत्रं बरोबर भरलेली होती, फक्त उडी झालेली नव्हती. जीटीकेवेव्हमध्ये पाचवी सायकल मोठी करून बघितली तेव्हा दिसलं की `ov_exc` १ आहे आणि त्याच वेळी `pc_write` शून्य आहे.

कारण असं. आमचा ब्रँच डिकोडमध्येच निर्णय घेतो, त्याला `$8` तिथेच लागतो, आणि `$8` चं उत्तर तर अजून एक्झिक्यूटमध्ये बनतंय. म्हणून हॅझर्ड युनिट म्हणतं एक सायकल थांबा, पीसी हलवू नका, डिकोडच्या आधीचं रजिस्टरही हलवू नका. त्याच्या दृष्टीने बरोबरच आहे. नेमकं त्याच सायकलमध्ये एक्सेप्शन म्हणतंय की पीसीत हँडलरचा पत्ता टाका. पीसीचा कोड आधी `pc_write` बघायचा, तो शून्य म्हणून नवा पत्ता आत गेलाच नाही. फेचचा फ्लशही त्याच कारणाने वाया गेला आणि `beq` डिकोडमध्ये तसाच उभा राहिला. सहाव्या सायकलमध्ये `add` तर मेलेला, त्यामुळे स्टॉलचं कारण संपलं, `beq` ने जुना `$8` वाचला, तो शून्य नाही म्हणून ब्रँच घेतला नाही आणि गाडी पुढे निघाली. `or` च्या वेळी स्टॉलच नव्हता, म्हणून ती टेस्ट पास.

आता विचार केला की यात कोणाचं ऐकायचं. स्टॉल मागणारा `beq` आहे, आणि तो `add` पेक्षा नंतरचा. `add` वरच एक्सेप्शन आलं म्हटल्यावर `beq` चं अस्तित्वच संपलं, मग त्याच्यासाठी थांबायचं कशाला? एक्झिक्यूटमधलं एक्सेप्शन डिकोडमधून आलेल्या कुठल्याही मागणीच्या वर, मग तो स्टॉल असो की ब्रँचची उडी असो.

```verilog
always @(posedge clk)
  if (reset)         pc <= 32'h0;
  else if (ov_exc)   pc <= 32'h80000180;
  else if (pc_write) pc <= next_pc;
```

डिकोडच्या आधीच्या रजिस्टरलाही हाच क्रम लावला, `ov_exc` आधी, `ifid_write` नंतर. एक ओळ वर गेली एवढंच, पण आता सहाव्या सायकलला पीसी `0x80000180` दाखवतो आणि `sw` कुठेच नाही. टेस्टबेंचमध्ये एक तपासणी कायमची घातलीय: `ov_exc` आल्यावर पुढच्या सायकलला पीसी हँडलरवर नसेल तर सिम्युलेशन तिथेच थांबवा.

१७ ऑगस्ट

परत येण्याचा भाग. हँडलर सध्या एवढाच, `add` सोडून पुढच्या इन्स्ट्रक्शनवर जायचं:

```
mfc0  $26, $14
addiu $26, $26, 4
mtc0  $26, $14
nop
nop
nop
eret
```

१४ म्हणजे ईपीसी. ४ मिळवले नाहीत तर `eret` परत `add` वरच येतो, तो परत ओव्हरफ्लो करतो, आणि हे थांबत नाही. तिथे `addi` न घेता `addiu` घ्यायचा, हँडलरमधून दुसरं एक्सेप्शन उठायला वावच ठेवायचा नाही, कारण आमच्याकडे ते ईपीसीवर नवीन पत्ता लिहून जुना पुसेल. खऱ्या मिप्समध्ये स्टेटस रजिस्टरमधला एक बिट हे अडवतो, तो १ असेपर्यंत ईपीसी बदलत नाही. आम्ही तो अजून घातलेला नाही.

तीन नॉप का, तर `mtc0` ईपीसी लिहितो राइटबॅकच्या शेवटी आणि `eret` तो वाचतो डिकोडमध्ये. लागोपाठ ठेवले तर `eret` ला जुनाच `0x48` मिळतो आणि वर सांगितलेलं चक्र चालू होतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल ४ मिळवायचे राहिलेत, पण हँडलरचा कोड बरोबर असतो. पीसी वारंवार `0x48` आणि `0x80000180` मध्ये फिरताना दिसला तर आधी हे अंतर मोजावं.

इन्स्ट्रक्शन सोडून देणं हे टेस्टपुरतंच. लिनक्स मिप्सवर अशा वेळी प्रोग्रामला `SIGFPE` पाठवतं, आणि प्रोग्रामने त्याची सोय केलेली नसेल तर तो संपतो.

२० ऑगस्ट

सरांनी डेमो बघितला आणि एकच विचारलं, "एकाच सायकलमध्ये दोन एक्सेप्शन आली तर?" त्यासाठी मेमरी स्टेजमध्ये चुकीच्या पत्त्याची तपासणी घातली, `lw` चा पत्ता ४ ने भाग न जाणारा असेल तर एक्सेप्शन, कोड ४, म्हणजे कॉजमध्ये `0x10`. तुकड्यात `0x44` वरचा `and` काढून तिथे `lw $11, 0($5)` ठेवला आणि `$5` मध्ये `0x1002`. आता पाचव्या सायकलमध्ये मेमरीत `lw` अडतो आणि एक्झिक्यूटमध्ये `add` ओव्हरफ्लो होतो, दोन्ही एकदम.

नियम तोच, आधीची जिंकते. `lw` जुना आहे, म्हणून ईपीसीत त्याचा पत्ता, कॉजमध्ये त्याचा कोड, आणि `add` चा ओव्हरफ्लो लिहायचाच नाही, तो `lw` च्या मागच्या सगळ्यांबरोबर फ्लश होतो. पार्टनरला शंका होती की मग ओव्हरफ्लो हरवला का? नाही हरवत. हँडलर `lw` सोडून `0x48` वर परत येतो, `add` नव्याने फेच होतो, `$8` आणि `$9` तेच आहेत, तो परत ओव्हरफ्लो करतो आणि या वेळी त्याच्या पुढे कोणी नसतं.

वेव्हफॉर्ममध्ये तसंच आलं: पहिल्यांदा ईपीसी `0x44`, कॉज `0x10`, मग हँडलर, मग ईपीसी `0x48`, कॉज `0x30`, परत हँडलर, आणि तिथून `0x4C` वर. क्रम उलटा करूनही बघितला, ओव्हरफ्लोला वर ठेवलं की ईपीसीत `0x48` जातो, हँडलर `0x4C` वर परत येतो, आणि `lw` ची चूक कुठेच नोंदली जात नाही, `$11` मध्ये जुनीच किंमत राहते. सरांना दोन्ही ट्रेस शेजारीशेजारी लावून पाठवलेत. पुढचं काम स्टेटस रजिस्टरचा तो बिट.